चित्र खरे, मजकूर खोटा

वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत छायाचित्रे कागदावर छापून येत असत, त्या काळी प्रत्येक छायाचित्राच्या पाठीवर एक चिठ्ठी डकविलेली असे. घटना कोणती, स्थळ कोणते, दिनांक कोणता, चित्र टिपणारा कोण आणि ते कोणत्या वृत्तसंस्थेमार्फत आले, एवढा तपशील त्या चिठ्ठीवर टंकलिखित केलेला असे. छायाचित्र-विभागात नव्याने रुजू झालेल्या उमेदवाराला जाणती माणसे प्रथम हेच शिकवीत की, चित्राचे तोंड पाहण्यापूर्वी त्याची पाठ पाहावी. तोंडाकडून पाहिले असता सगळे पूर सारखेच दिसतात, सगळे मोर्चे एकाच मोर्चाचे तुकडे वाटतात आणि पडलेल्या घराच्या विटांवर गावाचे नाव लिहिलेले नसते. कोणता पूर कोणत्या नदीचा आणि कोणत्या सालचा, हे सांगण्याचा अखत्यार पाठीवरच्या चिठ्ठीकडे असे.

पुढे चित्रे संगणकावर आली, तेव्हाही ही चिठ्ठी नाहीशी झाली नाही. ती चित्राच्या फाइलच्या पोटात गेली. वृत्तसंस्थांची छायाचित्रे आजही आपल्याबरोबर हा मजकूर बाळगून असतात आणि साध्या कॅमेऱ्याने काढलेल्या चित्रातही दिनांक, वेळ व कॅमेऱ्याची जात यांची नोंद असते. परंतु असे चित्र व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने पाठविले की, वाटेत त्याचे आकारमान कमी केले जाते आणि त्याच वेळी ही पोटातली नोंदही काढून टाकली जाते. यामुळे आपल्या मोबाईलवर येऊन पोहोचणारे चित्र बहुधा बिनचिठ्ठीचेच असते, आणि त्या रिकाम्या जागेवर कोणा अज्ञात इसमाने आपल्या मर्जीप्रमाणे दोन ओळी लिहून ठेवलेल्या असतात. जुन्या चित्राला अशा रीतीने नवा आणि खोटा मजकूर जोडलेला आहे किंवा कसे, याची शहानिशा घरबसल्या कशी करावी, एवढ्याच एका गोष्टीविषयी मी आज बोलणार आहे. चित्रातच फेरफार करणे हा निराळा प्रकार असून त्याचा तपासही निराळा असतो. आपल्या प्रकारात चित्राला कोणी बोटही लावलेले नसते. ते पूर्णपणे अस्सल असते, आणि म्हणूनच ते भिंगाखाली धरून कितीही न्याहाळले तरी त्यात लबाडीची खूण सापडत नाही, कारण लबाडी चित्रात नसून त्याच्या खालच्या ओळीत असते.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊन त्याचा तपास अथपासून इतिपर्यंत कसा करावा, ते पाहू.

२५ एप्रिल २०१५ रोजी, दुपारचे बारा वाजण्यास चार मिनिटे असताना, नेपाळात ७.८ तीव्रतेचा प्रलयंकर भूकंप झाला. त्यानंतर आठवडाभरातच एक छायाचित्र फेसबुक आणि ट्विटर यांच्यावरून जगभर फिरू लागले. त्यात दोन लहान मुले होती. एक चिमुरडी मुलगी रडवेली झाली आहे आणि तिच्याहून थोड्याच मोठ्या मुलाने तिला उराशी घट्ट कवटाळून धरले आहे, असे ते चित्र होते. खाली मजकूर असा की, नेपाळमध्ये दोन वर्षांच्या बहिणीचे तिचा चार वर्षांचा भाऊ रक्षण करीत आहे. ते पाहून असंख्य लोक हेलावले, त्या मुलांचा ठावठिकाणा शोधण्याचे प्रयत्न झाले आणि भूकंपग्रस्तांसाठी निधी देण्याच्या आवाहनांनाही ते चित्र जोडले गेले. त्या पोरक्या भावंडांकडे पाहून कोणाचा हात खिशाकडे गेला असेल, तर त्याला नावे ठेवण्याचे मला काहीच कारण दिसत नाही.

आता अशी कल्पना करा की, ते चित्र त्याच सुमारास आपल्यापैकी कोणाच्या मोबाईलवर आले आहे आणि त्याची खातरजमा करावयाची आहे. पहिली गोष्ट म्हणजे, चित्राकडे न पाहता खालची ओळ वाचावयाची आणि तिच्यातून तपासता येईल असा एक निश्चित दावा वेगळा काढावयाचा. बहीण दोन वर्षांची की तीन, भाऊ तिचे रक्षण करतो की तिला नुसता धरून बसला आहे, हे तपासता येत नाही. परंतु भूकंप अमुक दिवशी अमुक वेळी झाला, एवढे पक्के ठाऊक आहे. चित्र भूकंपानंतरचे असेल, तर ते २५ एप्रिल २०१५ च्या दुपारपूर्वी जगात कोठेही असता कामा नये. तपासाचा सगळा भार याच एका तारखेवर आहे. त्या तारखेपूर्वीची त्याच चित्राची एक जरी प्रत सापडली, तरी दावा तेथेच संपुष्टात येतो. मग छायाचित्रकार कोण, मुले कोणाची, हे आपल्याला ठाऊक नसले तरी चालते.

ती जुनी प्रत शोधण्यासाठी शब्दांऐवजी चित्रच शोधयंत्राला द्यावे लागते. व्हॉट्सॲपवर आलेले चित्र प्रथम आपल्या मोबाईलमध्ये उतरवून घ्यावे. ते पडद्याचे छायाचित्र, म्हणजे स्क्रीनशॉट, असेल तर आजूबाजूची नावे, वेळ, खालचा मजकूर, चौकटी हे सर्व कातरून केवळ मूळ चित्र तेवढे ठेवावे. नाहीतर यंत्र चित्रापेक्षा त्या अक्षरांच्याच मागे लागते. मग गूगलच्या ॲपमध्ये शोधण्याच्या जागेशेजारी कॅमेऱ्याची जी खूण असते, तिच्यावर बोट ठेवून हे चित्र निवडावे. या सोयीला गूगल लेन्स म्हणतात. येथे नवशिक्याची एक फसगत हमखास होते. लेन्स प्रथम जे दाखविते ती हीच प्रतिमा असेलच असे नाही. ती हिच्यासारखी दिसणारी चित्रे असतात, आणि मुलांच्या अंगावर रंगीत कपडे असतील तर तशा कपड्यांची दुकानेसुद्धा ती मोठ्या तत्परतेने पुढे मांडते. म्हणून वरच्या पट्टीवर Exact matches असा जो विभाग असतो, तो उघडावा. तेथे हेच चित्र जेथे जेथे लागलेले आहे, ती पाने मिळतात.

दुसरे साधन टिनआय नावाचे असून ते tineye.com या पत्त्यावर विनामूल्य वापरता येते. त्याच्याजवळ गूगलइतका चित्रसंग्रह नाही आणि पुष्कळदा ते रिक्त हस्ताने परत पाठविते. परंतु एका बाबतीत ते आपल्या कामाला फार सोयीचे आहे. ते सारखी दिसणारी चित्रे दाखवीत बसत नाही. तेच चित्र, मग ते कातरलेले असो किंवा लहान केलेले असो, तेवढेच शोधते. शिवाय मिळालेल्या प्रती Oldest हा पर्याय निवडून जुन्यातल्या जुन्या प्रतीपासून क्रमाने लावता येतात. या क्रमातील तारीख त्या यंत्राला ती प्रत प्रथम आढळली त्या दिवसाची असते. चित्र काढल्याची किंवा प्रसिद्ध झाल्याचीही ती असत नाही. म्हणजे चित्र त्या तारखेहून जुने असू शकेल, परंतु नवे असू शकणार नाही, आणि आपल्याला हवे आहे ते नेमके एवढेच.

त्या दोन भावंडांच्या चित्राचा असा शोध घेणाऱ्याच्या हाती काय येण्याजोगे होते? भूकंपाच्या कितीतरी आधीपासून ते चित्र संगणकाच्या महाजालावर भ्रमण करीत होते. एके ठिकाणी ती ब्रह्मदेशातील दोन अनाथ बालके होती, तर दुसऱ्या ठिकाणी सीरियाच्या यादवी युद्धाने घरादाराला मुकलेली मुले होती. एकच चित्र तीन देशांचे असू शकत नाही, हे उघड आहे. तथापि येथे एक मोह पडतो, आणि तो भल्याभल्यांना पडलेला मी पाहिला आहे. नेपाळचा दावा खोटा ठरला की, माणूस विजयी मुद्रेने दुसरा मजकूर उचलतो आणि जाहीर करतो की, हे चित्र नेपाळचे नसून ब्रह्मदेशाचे आहे! वस्तुतः जुनी प्रत मिळाल्याने नवा मजकूर खोटा ठरला. त्या जुन्या प्रतीखालचा मजकूर खरा ठरला नाही. सापडलेली सर्वांत जुनी प्रत आणि मूळ प्रत या दोन अगदी भिन्न वस्तू आहेत. या चित्राच्या बाबतीत नेपाळ, सीरिया आणि ब्रह्मदेश हे तिन्ही मजकूर खोटे होते.

खरा वृत्तांत ४ मे २०१५ च्या सुमारास बाहेर आला. ना सोन न्गुयेन या व्हिएतनामी छायाचित्रकाराने बीबीसीला सांगितले की, ते चित्र आपण ऑक्टोबर २००७ मध्ये, उत्तर व्हिएतनामच्या हा जियांग प्रांतातील कान ती या दुर्गम खेड्यात टिपले होते. तो त्या खेड्यावरून जात असता एका घरापुढे दोन मुले खेळताना दिसली म्हणून थांबला. मुले ह्मोंग जमातीची होती आणि आईबाप शेतावर कामाला गेले होते. परका माणूस पाहून दोनेक वर्षांची मुलगी रडू लागली, तेव्हा तीनेक वर्षांच्या मुलाने तिला समजाविण्यासाठी मिठीत घेतले. घटना एवढीच. भूकंप नाही, युद्ध नाही, आणि मुले अनाथही नाहीत. छायाचित्रकाराने ते चित्र पुढे आपल्या अनुदिनीवर ठेवले. काही वर्षांनी पाहतो, तर खुद्द व्हिएतनामी लोकच ते पोरक्या मुलांचे चित्र म्हणून एकमेकांना पाठवीत होते, आणि कोणी तर त्यांची आई वारली व बाप सोडून गेला, अशी सविस्तर कहाणीही रचली होती. आपला हक्क सांगून हा गोंधळ निस्तरण्याचा त्याने यत्न केला, पण त्याला फारसे यश आले नाही.

या साक्षीला आपण मान का द्यावा, हा प्रश्न रास्त आहे, कारण हक्क सांगायला कोणीही पुढे येऊ शकतो. छायाचित्रकाराची साक्ष ग्राह्य धरताना काही गोष्टी पाहावयाच्या असतात. त्याने स्थळ, महिना आणि साल यांचा नेमका तपशील दिला आहे काय? ब्रह्मदेश किंवा सीरिया म्हणणाऱ्या एकाही मजकुरात गावाचे नाव नाही, प्रसंग नाही, टिपणारा कोण याचा पत्ता नाही. फिरत्या मजकुराचे हे ठळक लक्षणच समजावे. दुसरे असे की, त्याने सांगितलेली हकीकत चित्रात जे दिसते त्याच्याशी जुळते काय? मुलगी रडवेली का आणि मुलाने कवटाळले का, याचा उलगडा तो एका साध्या घरगुती प्रसंगाने करतो आणि त्यासाठी चित्राबाहेरचे काहीही मानावे लागत नाही. याखेरीज शंकाच उरली, तर मूळ पूर्ण आकाराची फाइल किंवा त्याच वेळी मागेपुढे टिपलेली चित्रे त्याच्याजवळ मागता येतात. ज्याने चित्र केवळ उचलले आहे, त्याच्याजवळ ते एकच चित्र असते. ज्याने ते टिपले आहे, त्याच्याजवळ बहुधा त्याच्या आधीचे आणि नंतरचेही असते.

आता तारखांविषयी थोडे सावकाशीने सांगितले पाहिजे, कारण तपास करणाराच जेथे तोंडघशी पडतो ती जागा हीच आहे. शोधयंत्र एखाद्या पानासमोर २०१२ साल दाखविते आणि आपण समजतो की चित्र २०१२ मध्ये होते. परंतु वृत्तपत्रांच्या जुन्या पानांच्या कडेला आजच्या ताज्या बातम्यांची रांग लावण्याचा शिरस्ता आहे. म्हणजे लेख २०१२ चा, पण कडेचे चित्र कालचे. यंत्र दोन्हींची गाठ मारते आणि खऱ्याखुऱ्या ताज्या चित्राला आपण जुने ठरवून मोकळे होतो. सबब, नुसत्या यादीवर विसंबून न राहता ते पान उघडावे आणि चित्र लेखाच्या मुख्य भागात आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. तसेच अनुदिनीवरील लेखाची तारीख लेखकाला हवी तशी मागे नेता येते आणि मजकूरही मागाहून बदलता येतो. अशा वेळी web.archive.org हे दप्तर उपयोगी पडते. जगातील असंख्य पानांच्या प्रती वेळोवेळी घेऊन त्या तेथे जपून ठेवलेल्या असतात आणि प्रत्येक प्रतीवर ती घेतल्याचा दिनांक असतो; तो पानाच्या मालकाला बदलता येत नाही. संशयित पानाचा पत्ता तेथे घालावा, म्हणजे अमुक दिवशी त्या पानावर काय होते ते पाहावयास मिळते. अर्थात त्या पानाची प्रत तेथे घेतलेली असली तर. मी स्वतः परस्परांशी संबंध नसलेल्या दोन ठिकाणी जुनी प्रत मिळाल्याखेरीज निर्णय देत नाही.

आणि काहीच सापडले नाही तर? पुष्कळ लोक येथे फार मोठी उडी मारतात. शोध घेतला, जुने काही मिळाले नाही, तेव्हा चित्र ताजे आणि मजकूर खरा, असा निष्कर्ष ते काढतात. शोधयंत्रांना जगातील सगळी चित्रे ठाऊक नसतात. खाजगी फेसबुक खात्यांतील चित्रे, व्हॉट्सॲपवर हिंडणारी चित्रे, कोणाच्या घरच्या अल्बममधील चित्रे त्यांच्या दृष्टीस कधीच पडत नाहीत. कधी चित्र आरशातल्यासारखे उलटे केलेले असते आणि तेवढ्याने यंत्र चकते; दुकानाच्या पाटीवरील अक्षरे उलटी दिसत असतील, तर मोबाईलवरच ते चित्र पुन्हा सुलटे करून नव्याने शोध घ्यावा. यंत्राच्या मौनाला होकार समजू नये, एवढेच येथे लक्षात ठेवावयाचे.

यंत्र मुके राहिले म्हणजे मात्र चित्राकडेच वळावे लागते, आणि प्रांजळपणे सांगावयाचे तर या धंद्यातला खरा आनंद मला याच भागात मिळतो. नेपाळचेच पाहा. काठमांडूत धरहरा नावाचा उंच पांढरा मनोरा होता. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात तो बुंध्यापासून कोसळला आणि त्याच्या जागी बांधलेल्या नव्या मनोऱ्याचे उद्घाटन २४ एप्रिल २०२१ रोजी झाले. तेव्हा ‘भूकंपानंतरचे काठमांडू, मे २०१५’ असा मजकूर असलेल्या चित्रात मनोरा ताठ उभा दिसला, तर तो मजकूर खोटा ठरविण्यासाठी दुसरा पुरावा शोधण्याचे कारण नाही.

मुंबईकरांना या प्रकारचा सराव दर पावसाळ्यात करता येतो. पहिली मोठी सर आली, रुळांवर पाणी चढले की, मागील सालांच्या पुरांची चित्रे ‘आत्ताची मुंबई’ अशा मजकुरासह घरोघर पोहोचतात, आणि त्यांत २६ जुलै २००५ च्या प्रलयाची चित्रेही असतात. समजा, अशा एका चित्रात गुडघाभर पाण्यात काळ्यापिवळ्या टॅक्सींची रांग उभी आहे आणि त्या टॅक्सी प्रीमियर पद्मिनी आहेत. तो गोलसर बांधा ज्याने पाहिला आहे, त्याला तो सांगावा लागत नाही. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मध्ये झाली आणि टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर त्या रस्त्यावरून निवृत्त झाल्या. म्हणजे २०२४ किंवा त्यानंतरच्या पावसाळ्याचे म्हणून हे चित्र आले असेल, तर ते खोटे. आता त्याच चित्रात मागे समुद्रावर वांद्रे-वरळी सागरी सेतू पूर्ण बांधलेला आणि वाहनांनी गजबजलेला दिसत असेल, तर तो सेतू २००९ च्या जूनअखेर खुला झाला हे आपल्याला माहीत आहे, त्यामुळे ते चित्र २००५ चेही असू शकत नाही. एका बाजूने टॅक्सीने आणि दुसऱ्या बाजूने सेतूने कोंडी केली, आणि चित्र २००९ ते २०२३ यांच्या दरम्यानचे ठरले. नेमके साल यातून निघत नाही, निघेल अशी अपेक्षाही धरू नये. वाहनांच्या पाट्या, दुकानांवरील फलक, चित्रपटांच्या जाहिराती, निवडणुकीचे फलक यांवरून ही कोंडी आणखी आवळता येते. जाहिरातीत चित्रपटाचे नाव वाचता आले, तर सालच काय, महिनाही हाती लागतो.

चित्र कोणी पाठविले, यावरून त्याची योग्यता ठरविण्याची सवय आपल्यात खोलवर रुजलेली आहे. पाठविणारे गृहस्थ निवृत्त मुख्याध्यापक आहेत, किंवा मजकुराखाली शासकीय मुद्रा आहे, एवढ्याने आपले समाधान होते. २०१७ साली केंद्रीय गृह मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात भारताच्या सीमेवर बसविलेल्या प्रकाशदिव्यांचे म्हणून एक छायाचित्र छापले गेले. ते प्रत्यक्षात आफ्रिकेच्या उत्तर टोकावरील स्पेन आणि मोरोक्को यांच्या सीमेचे, हाविएर मोयानो या स्पॅनिश छायाचित्रकाराने २००६ मध्ये टिपलेले होते, हे आल्ट न्यूजने उघडकीस आणले. एखाद्या कारकुनाने महाजालावरून हाती लागेल ते साजेसे चित्र उचलले असावे, असा माझा तर्क आहे. त्यामागे कारस्थान शोधण्याची मला गरज वाटत नाही. पण निष्काळजीपणाने लागलेला मजकूर आणि दुष्ट हेतूने लावलेला मजकूर हे वाचणाऱ्याला सारखेच फसवितात, आणि तपासाची रीतही दोहोंना एकच लागू पडते.

दुष्ट हेतूचे, किंवा निदान भयंकर परिणामाचे, उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात मुले पळविणाऱ्या टोळ्या आल्याची आवई खेडोपाडी पसरली होती. १ जुलै रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा जमावाने जीव घेतला. त्याच दिवशी मालेगावातही जमावाच्या तावडीतून पाच जणांना पोलिसांनी मोठ्या मुश्किलीने सोडविले. त्यांत एक लहान मूल होते. त्या दिवसांत मालेगावात जे फिरत होते, त्यात ओळीने ठेवलेल्या निश्चेष्ट बालकांची छायाचित्रे होती, आणि ती पळवून नेऊन मारलेली मुले आहेत, असा मजकूर होता. वास्तविक ती मुले सीरियातील घौता येथे ऑगस्ट २०१३ मध्ये झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडलेली होती. जगभरच्या वृत्तपत्रांनी छापलेल्या घटनेची ही चित्रे. व्हिएतनामच्या खेड्यातील त्या दोन भावंडांचा मूळ पत्ता काढणे अवघड होते. या चित्रांचा पत्ता कोणत्याही शोधयंत्राने काही क्षणांत दिला असता.

अशा चित्रांच्या बाबतीत एक पथ्य मी कटाक्षाने पाळतो. तपासासाठी म्हणून ते चित्र आणखी दहा जणांना पाठवून ‘हे खरे आहे काय?’ असे विचारीत नाही. विचारणारी ओळ पुढच्या माणसापर्यंत पोहोचेलच असे नाही. चित्र मात्र पोहोचते, आणि मागचाच मजकूर पुन्हा त्याच्याखाली येऊन बसतो. व्हॉट्सॲपवर एखाद्या संदेशाशेजारी दोन बाणांची खूण दिसली, तर तो पुष्कळ हातांतून फिरून आलेला आहे, असे समजावे. याचा अर्थ तो खोटा आहे असा नव्हे. परंतु ज्याने तो पाठविला, त्याला मूळ ठाऊक असण्याचा संभव जवळजवळ उरलेला नाही, आणि त्याला ‘कोठून मिळाले?’ असे विचारण्यात वेळ घालवू नये.

दुरुस्ती कळवावयाची ती ज्या समूहात चित्र आले, त्याच समूहात, त्याच संदेशाला उत्तर म्हणून कळवावी, आणि जेवढे सिद्ध झाले आहे तेवढेच लिहावे. पाठविणाऱ्याच्या हेतूविषयी अक्षरही लिहू नये. ते मुख्याध्यापक नाराज झाले की, पुढची चर्चा चित्राविषयी न राहता त्यांच्या मानापमानाविषयी सुरू होते. त्या भावंडांच्या चित्रापुरते बोलावयाचे, तर मजकूर साधारण असा असावा: ‘गुरुजी, हे छायाचित्र नेपाळच्या भूकंपातील नाही. ते ऑक्टोबर २००७ मध्ये व्हिएतनामच्या हा जियांग प्रांतात ना सोन न्गुयेन यांनी टिपलेले आहे. त्यांची हकीकत बीबीसीवर आली आहे. पानाचा पत्ता खाली देत आहे.’ मूळ छायाचित्रकार हाती लागला नसेल, तर मधले वाक्य गाळावे आणि केवळ इतकेच म्हणावे की, हे चित्र भूकंपापूर्वीच अमुक पानावर अमुक तारखेला प्रसिद्ध झालेले आहे, ते कोठले आहे हे मला ठरविता आले नाही. पानाचा पत्ता मात्र न विसरता जोडावा, म्हणजे ज्याला आपल्या शब्दावर विश्वास ठेवावयाचा नसेल, त्याला ते पान स्वतः उघडून पाहता येईल.